डाव्या कोपऱ्यातली कुंडी

कपडा एकच होता. हे थोरलीला माहीत होतं, तिची शिडी धरणाऱ्या म्हाताऱ्या मदतनीसाला माहीत होतं, आणि तिसऱ्या कोणाला कळायची वेळ आजवर आली नव्हती. लग्नाला येणारा माणूस एका वेळी एकाच लग्नाला येतो. तो स्टेजकडे बघतो, वा वा म्हणतो, जेवतो आणि घरी जातो. आठ दिवसांनी दुसऱ्या हॉलमध्ये, दुसऱ्या नवरीच्या मागे तोच साय रंगाचा जाड कपडा चुण्या घालून, पिळे देऊन, मागून गुलाबी दिवे सोडून टांगलेला असतो, हे त्याला कळणार कसं? थोरलीचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा होता. लोकांच्या खिशाला परवडेल तेवढ्यात सजावट करायची, तर वस्तू त्याच ठेवून डोकं नवं चालवावं लागतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, आणि तिला वाटतही नव्हती. एका माणसापुरती सोडली तर.

पोर्टफोलिओ नावाचं लचांड मागे लागलं तेव्हा ही एका माणसाची गोष्ट तिच्या घशाशी आली.

गावाबाहेरच्या रस्त्यावर नवा हॉल झाला होता. तिथल्या मॅनेजरबाई सडेतोड. त्यांनी थोरलीला खुर्चीत बसवून सांगितलं, "छोट्या लग्नांसाठी मला एकच डेकोरेटर ठेवायचा आहे. लोक काउंटरवर येतात, तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. दहा-बारा लग्नांचे फोटो आणा, प्रत्येकाखाली पाहुणे किती आणि कशाकशाचे पैसे घेतले ते लिहा. आणि पहिल्या पानावर परिचय. 'स्वप्नातलं लग्न' असलं काही लिहाल तर मी वाचणारही नाही. कमी पैशात तुम्ही वेगळं काय करता ते कळलं पाहिजे."

थोरलीला हे काम हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं. गुडघे बोलायला लागले होते. आज इथे, उद्या तिथे सामान चढवा-उतरवायचं आणि दर वेळी नव्या माणसापुढे तोंड वेंगाडायचं, हे आणखी किती वर्षं जमणार? एका हॉलला बांधून घेतलं की सामान तिथेच राहणार, घरी वेळेवर जाता येणार. पण लिहिणार कोण? थोरलीला कपड्याची चुणी पाडता यायची, वाक्याची नाही. घरात लिहिणारी एकच होती, तिची धाकटी बहीण. छापखान्यात लग्नपत्रिकांची आणि अल्बमची पानं जुळवायचं काम ती करायची. आणि नेमकी तीच ती एक व्यक्ती होती, जिला हे फोटो शेजारी शेजारी दाखवायची सोय नव्हती.

त्याचं असं झालं होतं. तो कपडा पहिल्यांदा टांगला गेला धाकटीच्याच लग्नात. थोरलीने धंदा नुकता सुरू केला होता, पुंजी म्हणावी अशी नव्हती, आणि होती तेवढी तिने त्या कपड्यात घातली. धाकटीचा नवरा म्हणजे एक वल्ली. स्टेजवर चढताना मागे वळून मित्रांना हात करायला गेला आणि मेणबत्त्यांचा उंच स्टँड त्याच्या कोपराने आडवा झाला. कपड्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्याला बघता बघता भोक पडलं, त्याच्या कडा काळ्या झाल्या. थोरली धावत आली, हातानेच विझवलं आणि दारातली पानांची मोठी कुंडी ओढून कोपऱ्यापुढे ठेवली. नवरदेव तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, सगळे येऊन आहेर देतात, मी हा दिला." धाकटी इतकी हसली की तिचं काजळ गालावर आलं. पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या घरी कोणी काही सांडलं-फोडलं की तो म्हणायचा, "कुंडी आणा कुंडी."

मग तो आजारी पडला आणि गेला. फार पटकन गेला. महिनाभराने धाकटी थोरलीकडे आली, दाराशीच उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तो कपडा आहे ना तुझ्याकडे? मला दे. सगळा नको, तो जळका कोपरा तरी दे."

त्या वेळी थोरलीच्या मनात काय आलं? दुसऱ्या दिवशी काम होतं, तोच कपडा लागायचा होता. बहिणीने डोळ्यांनी बघितला की सगळाच मागेल, आणि मागितला तर नाही म्हणायचं तोंड आपल्याला नाही, एवढंच तिच्या मनात आलं. पुढचं वाक्य आपोआप बाहेर पडलं. "अगं, तो गेला. गोडाऊनमध्ये पाणी शिरलं होतं ना, बुरशी धरली. फेकून दिला मी."

धाकटी "बरं" म्हणाली. वाद नाही, काही नाही. चहासुद्धा न घेता गेली. थोरलीने त्या दिवसापासून कानाला खडा लावला, की बहिणीशी कामाचा विषय काढायचा नाही. आणि आता कामानेच तिला बहिणीच्या दारात आणून उभं केलं होतं.

छापखान्याच्या पुढच्या खोलीत शाईचा आणि गरम कागदाचा वास भरलेला असायचा. धाकटी कॉम्प्युटरपाशी बसली होती. चष्मा डोक्यावर, केस कसेतरी बांधलेले. थोरलीने फोटो आणले होते. आणायच्या आधी घरी अर्धा दिवस घालवून त्यातले तिला धोक्याचे वाटलेले बाजूला काढले होते. जिथे कपडा सरळ दिसत होता, ते काढले. जिथे दिवे पांढरे होते, तेही काढले. राहिलेल्यांत कुठे कपडा निळा दिसत होता, कुठे सोनेरी, कुठे त्यावर पानांच्या माळा सोडल्या होत्या, कुठे तो मधोमध बांधून दोन्हीकडे फाकवला होता. आपल्याच कामाची ही एवढी रूपं बघून तिला घरी क्षणभर अभिमानही वाटला होता. तेवढाच.

"छान आहेत गं," धाकटी फोटो पडद्यावर मांडत म्हणाली. "मला वाटलं नव्हतं एवढे छान असतील. मी गेल्या कित्येक वर्षांत तुझं काम बघितलंच नाही."

"वेळ कुठे असतो तुला."

"तू बोलवत नाहीस."

थोरलीने आपली खुर्ची पडद्याजवळ ओढली.

धाकटीने आपल्या पद्धतीने चौकशी सुरू केली. ती कामाला बसली की बहीण-बिहीण बघत नसे. "मला हे सांग, माणूस येतो आणि म्हणतो माझ्याकडे एवढेच पैसे आहेत. तू सगळ्यात आधी काय करतेस?"

"विचारते, फोटो कुठे निघणार. सगळे फोटो स्टेजवर निघतात. मग पैसे तिथे ओतायचे. बाकी हॉलला नुसता चांगला उजेड द्यायचा. छताला माळा सोडून काय करायचंय, वर कोण बघतं?"

"हे लिहिते. आणि फुलं?"

"मोसमात असतील तीच. तीही डोळ्यांच्या उंचीवर. खाली सगळी पानं. दाराशी ठेवलेले गुच्छ पाहुणे आत आले की उचलून जेवणाच्या टेबलांवर नेते. तोच गुच्छ दोनदा कामाला येतो. बाटल्या, बरण्या मी वर्षभर जमवते, त्यात दिवे ठेवते. त्याचे पैसे लावत नाही."

"असं सरळ बोलतेस तसंच लिहायचं. 'स्वस्त' हा शब्द नको मात्र. स्वस्त म्हटलं की लोकांना फाटकंच दिसायला लागतं." धाकटीची बोटं पटापट चालत होती. मध्येच ती हसली. कितीतरी दिवसांनी थोरलीने तिला असं हसताना बघितलं. हे असंच निभावून गेलं तर बरं, असं तिला वाटलं. आणि त्याच वेळी, हिला अशी बरोबर घेऊन बसायला एवढी वर्षं का घालवली, हेही वाटलं.

"आणि एक गंमत माझ्या लक्षात आली," धाकटी खुर्ची मागे सरकवत म्हणाली. "तुला स्वतःला माहीत आहे का, बघ हं. प्रत्येक फोटोत, डावीकडे खाली. कुंडी!"

थोरलीने पडद्याकडे बघितलं. बारा चौकोन, आणि बाराही चौकोनांत डाव्या कोपऱ्यात पानांनी गच्च भरलेली कुंडी. कपडा ओळखू येऊ नये म्हणून तिने एवढी उस्तवार केली होती. रंग बघितले, चुण्या बघितल्या. कुंडीकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. रोज हाताखालून जाणारी वस्तू माणसाला दिसेनाशी होते, तसं झालं. त्या कपड्याला वरच्या काठाला पाइप घालायची शिवण होती, म्हणून तो एकाच बाजूने टांगता यायचा. धाकटीच्या लग्नानंतर लगेच तिने भोक रफू करून घेतलं होतं, पण दिव्यासमोर रफू पिवळट दिसायचं. म्हणून कुंडी. ती ठेवायला आताशा सांगावंही लागत नसे, म्हातारा आपणहून आणून ठेवायचा.

"हाच तुझा ठसा आहे," धाकटी उत्साहाने म्हणाली. "परिचय इथूनच सुरू करू. ऐक. 'मोठ्या सजावटीत हरवून जाईल अशी एक साधी कुंडी या प्रत्येक स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात असते...' लोकांना असलं आवडतं. एखादी आपली अशी खूण. पण तू डावीकडेच का ठेवतेस गं? उजवीकडे एकदासुद्धा..."

तिचं वाक्य तिथेच राहिलं. ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिने एक फोटो मोठा केला, मग दुसरा. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. थोरलीला पळून जावंसं वाटलं.

"माझ्या लग्नातही डावीकडेच होती," धाकटी म्हणाली.

थोरलीने पडद्यावरून नजर काढली.

"ताई, हा तो कपडा आहे?"

अजूनही खोटं बोलता आलं असतं. तसलेच दुसरे आणले, एका दुकानातले, असं म्हणून निभावता आलं असतं. वाक्य तयारही होतं. पण बहिणीचा चेहरा दिसत होता आणि थोरलीला स्वतःचाच विलक्षण कंटाळा आला.

"हो," ती म्हणाली.

"सगळ्यात?"

"सगळ्यात."

आतल्या खोलीत छपाईचं यंत्र खटखट करत होतं. धाकटीने फाइल नीट जतन केली, कॉम्प्युटर बंद केला. "आत्ता कुठे आहे?"

"त्या नव्या हॉलमध्ये. उद्या लग्न आहे, सकाळीच लावलाय. मॅनेजरबाई बघणार आहेत काम."

"चल."

दोघी हॉलवर पोचल्या. हॉलमध्ये खुर्च्यांच्या चळती भिंतीशी लागल्या होत्या, कोणीतरी फरशी पुसत होतं. स्टेजवर कपडा टांगलेला होता. वरून अंगासरशी पडत, खाली रुंद होत गेलेला. मागचे दिवे अजून लावले नव्हते, त्यामुळे तो होता तसा, जुना, सायीच्या रंगाचा दिसत होता. म्हातारा शिडीवर होता. त्याने धाकटीला ओळखलं आणि काही न विचारता खाली उतरून बाहेर निघून गेला.

धाकटी स्टेजवर चढली. तिने कुंडी दोन्ही हातांनी धरून ढकलली, जड होती, घासत बाजूला गेली. मग ती खाली बसली आणि कोपरा मांडीवर घेतला. बोटांनी चाचपत राहिली. थोरली तिच्यामागे उभी होती आणि तिला फक्त बहिणीची पाठ दिसत होती.

"रफू केलंस," धाकटी म्हणाली.

"तेव्हाच केलं. लग्नानंतर आठवड्याभरात. दुसरं काम होतं."

"म्हणजे मी मागायला आले, तेव्हा भोक नव्हतंच."

"नव्हतं."

"काळी कड?"

"कापून टाकतात गं ती. त्याशिवाय रफू धरत नाही."

धाकटीने मान हलवली. तिने कोपऱ्यावरून पुन्हा अंगठा फिरवला. थोरलीने कमरेच्या पिशवीतून कात्री काढली. "थांब. मी देते तुला. आत्ता देते. सगळाच घे. मी उतरवते खाली."

"उद्या कोणाचं तरी लग्न आहे. राहू दे."

"मला माफ कर गं. मी घाबरले होते. तू सगळाच मागशील असं वाटलं. हा गेला असता तर मी उघडी पडले असते, दुसरा घ्यायची ऐपत नव्हती..."

धाकटी वळली. रडत नव्हती. रडली असती तर थोरलीला सोपं गेलं असतं, जवळ घेता आलं असतं. "मी सगळा कधी मागितला?" ती म्हणाली. "मी कोपरा मागितला होता. कुंडीच्या मागचा. तो कापला असतास तर कोणाला दिसणार होतं?"

थोरलीने कपड्याकडे बघितलं, सरकवलेल्या कुंडीकडे बघितलं. इतकी वर्षं तिने किती लोकांना सांगितलं होतं की जे दिसत नाही त्यावर खर्च करू नका. एका अख्ख्या हॉलची सजावट ती बसल्या जागी डोक्यात मांडायची. आणि एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. जे दिसतच नव्हतं, ते तिने बहिणीपासून राखून ठेवलं होतं.

"परिचय पाठवते आज," धाकटी पायऱ्या उतरताना म्हणाली. "हो म्हटलंय मी."

कुंडी जागेवर ठेवायचं काम थोरलीने स्वतःच केलं.

दुसऱ्या दिवशी लग्न पार पडलं. लोक वा वा म्हणाले, जेवले आणि गेले. त्यानंतर मॅनेजरबाईंनी थोरलीला आत बोलावलं. त्यांच्यापुढे छापून, बांधून आलेला पोर्टफोलिओ होता. थोरलीने तो अजून बघितला नव्हता. छापखान्यातून परस्पर इथे आला होता.

"बाई, कोणी लिहिलंय हे?" मॅनेजरबाईंचा स्वर आज वेगळा होता. "अशी माणसं मला का भेटत नाहीत? ऐका." आणि त्यांनी पहिलं पान मोठ्याने वाचलं. "'यांच्याकडे सामान थोडं आहे आणि तेच सामान प्रत्येक लग्नात असतं. हे आधीच सांगितलेलं बरं. बदलतो तो त्याचा उजेड, त्याची घडी आणि त्याची जागा. या बाई तुमचे पैसे आधी, तुमचे फोटो जिथे निघतील तिथे लावतात. जिथे कोणी बघत नाही तिथे एक रुपयाही घालत नाहीत. दाराशी तुमचं स्वागत करणारी फुलं जेवताना तुमच्या टेबलावर असतील. ही काटकसर आहे, आणि ती तुम्हाला दिसणार नाही याची काळजी घेणं हे यांचं कसब आहे.'" त्या थांबल्या. "आणि शेवटचं वाक्य तर फारच आवडलं मला. 'या बाई कधीच काही फेकून देत नाहीत.' बस. एवढ्यावर माणूस विश्वास ठेवतो."

थोरलीने खुर्चीचा हात धरला. वाक्यात एकही शब्द वाकडा नव्हता. हजार लोक ते वाचणार होते आणि नऊशे नव्याण्णवांना ते कौतुक वाटणार होतं.

"एकच विचारायचंय," मॅनेजरबाई पानं उलटत म्हणाल्या. "सगळे फोटो डावीकडून का कापलेत? असे जरा अंगावर आल्यासारखे वाटतात."

थोरलीने बघितलं. बाराही फोटो. कुंडी एकाही फोटोत नव्हती.

"पानात बसत नसतील," ती म्हणाली.

"असेल, असेल. चालतंय. पुढच्या महिन्यापासून इथे या. सामान ठेवायला मागची खोली देते."

त्या दुपारी थोरलीने कपडा उतरवला, फरशीवर पसरला आणि तो कोपरा कापला. हातभर लांब, हातभर रुंद. कात्री धारेची होती, एका दमात काम झालं. तुकडा घडी करून ती छापखान्यात गेली. धाकटी कोणाच्या तरी लग्नपत्रिकेतली नावं तपासत होती. तिने तुकडा घेतला, उलटून पालटून बघितला, आणि गिऱ्हाइकाचा नमुना ठेवावा तसा बाजूला ठेवला.

"परिचय चालला का?" तिने विचारलं.

"चालला. काम मिळालं."

"मग झालं तर."

थोरली थोडा वेळ उभी राहिली. बसायला खुर्ची होती, पण बस असं कोणी म्हणालं नाही. "येशील का गं हॉलवर? बघायला?" धाकटी नावांवरून बोट फिरवत राहिली. "बघू," ती म्हणाली, आणि त्यात हो किती आणि नाही किती हे थोरलीला कळलं नाही.

पुढच्या महिन्यात, कायमचं काम मिळाल्यानंतरचं, नव्या हॉलमधलं पहिलं लग्न लागलं. म्हाताऱ्याने शिडी धरली, थोरलीने पाइप सरकवला. कपडा वरून सोडला, तो पूर्वीसारखाच खाली पडला. तिने मागे जाऊन बघितलं, मधून बघितलं, शेवटच्या खुर्चीवर बसूनही बघितलं. म्हातारा नेहमीप्रमाणे कुंडी घेऊन आला आणि डाव्या कोपऱ्यात ठेवून गेला. काहीच फरक पडला नव्हता.